पत्रास कारण की, पंधराशे पुरत नाहीत

दहावीच्या मराठीच्या तासाला पत्रलेखन शिकवताना मी मुलांना दरवर्षी एक जादा पत्र लिहायला लावते. ते परीक्षेत येत नाही. विषय असा: तुम्ही हॉस्टेलवर राहता, खर्चाचे पैसे पुरत नाहीत, घरी पत्र लिहून वाढ मागा. वर्गात लगेच खसखस पिकते. मागणीपत्र आणि विनंतीपत्र आमची मुले झोपेतही लिहितील. पुस्तकविक्रेत्याकडे पंचवीस पुस्तके मागवायला त्यांना काहीच वाटत नाही. पण अब्बांकडे दोनशे रुपये मागायचे म्हटले की पेन अडतो. मग दोन प्रकारची पत्रे हाती येतात. एकात सरळ थाप असते, 'प्रोजेक्टसाठी एक हजार रुपये लागतील'. दुसऱ्यात रडगाणे असते. या दोन्हींतून वाट काढणारे पत्र क्वचित मिळते.

आता पत्र कोण लिहितो, असे कुणी म्हणेल. मुलगा फोन करतो, पाच मिनिटांत पैसे मोबाइलवर येतात. खरे आहे. पण फोनवर हिशेब होत नाही. अम्मी विचारते, "जेवलास का? आवाज बसलाय का?" आणि बोलणे तिथेच फिरत राहते. अब्बा दुकानातून दमून आलेले असतात. मुलगा शेवटी घाईने म्हणतो, "थोडे पैसे टाका ना." थोडे म्हणजे किती, कशाला, दर महिन्याला की एकदाच, हे दोन्हीकडे कुणालाच कळत नाही. अब्बा पाचशे टाकतात, पुढच्या महिन्यात पुन्हा तोच फोन येतो. कागदावर मात्र आकडा लिहावाच लागतो. तो कागद अब्बा दुकानात निवांत दोनदा वाचतात, आणि नाही म्हणायचे असेल तर तेही विचार करून म्हणतात.

माझा एक माजी विद्यार्थी कोकणातल्या आपल्या गावाहून पुण्याला शिकायला गेला आहे. वडील शिंपी आहेत, धाकटी बहीण नववीत. त्याने गेल्या रमजानच्या आधी घरी लिहिलेले पत्र आणि त्याला आलेले उत्तर, दोन्ही त्याच्या आणि घरच्यांच्या परवानगीने, नाव-गाव काढून इथे देते. पत्र लिहिण्याआधी त्याने एक काम केले होते. पूर्ण जानेवारी महिना तो रोज रात्री झोपण्यापूर्वी वहीच्या मागच्या पानावर त्या दिवशीचा खर्च टिपून ठेवत होता. दहा रुपयांचा चहासुद्धा. हे टिपण नसते तर पत्र इतके मोकळे झाले नसते. महिनाअखेरीला आठवून लिहिलेल्या हिशेबात मोठे खर्च आठवतात, चहा विसरतात, आणि बहुधा खिसा चहानेच रिकामा झालेला असतो.

आता पत्र.

१ फेब्रुवारी

प्रिय अब्बा आणि अम्मी,

अस्सलामु अलैकुम.

मी इथे खुशाल आहे. तुम्ही सर्व खुशाल असाल अशी आशा करतो. पत्रास कारण की, पंधराशे पुरत नाहीत. हे शेवटच्या ओळीत लिहिणार होतो. पण अब्बा, माझ्या हस्ताक्षरातला लिफाफा पाहताच तुम्हाला कारण कळले असणार, मग उगाच हवापाण्याच्या गोष्टी करून तुमचे डोळे का शिणवू?

तुम्ही शिवलेल्या पॅन्टचे खिसे फारच मजबूत आहेत. दोन वर्षांत एकही उसवला नाही. उसवायला आत काहीतरी असावे लागते, हेही एक कारण असेल.

माझे दोनच विषय आहेत. एक, दरमहा दोनशे रुपये वाढ. दोन, रमजानसाठी एकदाच थोडे जास्त. आता हिशेब सांगतो. हा जानेवारीचा आहे आणि रोज रात्री लिहिलेला आहे.

मोबाइलचे रिचार्ज २९९. कंपनीचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो. म्हणजे तुम्ही मला वर्षातून बारा वेळा पैसे पाठवता आणि कंपनी माझ्याकडून तेरा वेळा घेते. मी गणितात कच्चा आहे असे तुम्ही म्हणता, पण हे गणित मला कंपनीने शिकवले. रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट असते आणि रात्री मेसला सुट्टी असते. चार रविवारांचे बाहेरचे जेवण ८० प्रमाणे ३२०. दुपारी फीस्टला इतके जेवावे की रात्रीची भूक लागू नये, हा प्रयोग मी करून पाहिला. रात्री साडेनऊला तो फसला. झेरॉक्स आणि जर्नल १८०. साबण, पेस्ट, तेल, कपड्यांची पावडर २१०. केस कापणे ८०. बस २००. जुम्याला मशिदीच्या पेटीत दर वेळी दहा प्रमाणे ४०. इथवरची बेरीज १,३२९ होते. इथेच पत्र संपवले असते तर मी फार गुणी मुलगा ठरलो असतो.

पण पुढेही वही आहे. चहा, दहा रुपयांचा एक, असे सव्वीस कप, २६० रुपये. खोलीतल्या मित्राचा वाढदिवस, वर्गणी १००. आणि बिर्याणी एकदा, १४०. बिर्याणीबद्दल अम्मीला सांगावेसे वाटते की तांदूळ कच्चा होता, मसाला तिखट होता आणि बटाटा माझ्या मुठीएवढा होता. तिच्या हातची सर कशाला येते? तरीही मी ती पूर्ण खाल्ली, हेही खरेच लिहायला हवे.

हे पाचशे धरून एकूण १,८२९ झाले. तुम्ही पाठवता १,५००. वरच्या ३२९ पैकी २०० खोलीतल्या मित्राकडून उसने घेतले आहेत आणि १२९ टपरीवाल्या चाचांच्या वहीत माझ्या नावापुढे आहेत. मित्राचे नानीच्या ईदीतून फेडीन, त्याला तसे सांगितले आहे, तो ईदपर्यंत थांबायला तयार आहे. त्याला ईद कधी आहे हे आता माझ्यापेक्षा जास्त पक्के ठाऊक आहे.

तुम्ही म्हणाल, मग ३२९ वाढ का नाही मागत? कारण चहा मी निम्म्यावर आणतो आहे. सव्वीसचे तेरा कप. त्यात १३० वाचतात आणि खर्च १,६९९ वर येतो. म्हणून मागणी १,७०० ची. एक रुपया वर आहे, तो तुम्ही ठेवून घेतला तरी चालेल.

आता रमजान. तो अठरा-एकोणीस दिवसांवर आला आहे. शेवटचे रोजे घरी करीन, पण पहिले सव्वीस रोजे इथेच होतील. मेस सहरीला उघडत नाही. तिथले आचारी सकाळी सहाला येतात, तोवर आपली फजर झालेली असते. खोलीत शेगडी किंवा किटली लावायला वॉर्डन सर परवानगी देत नाहीत. म्हणून आम्ही पाच मुलांनी मशिदीजवळच्या एका खानावळीत विचारले. ते पहाटे चारला फाटकावर डबा देतील. एका डब्याचे ६० रुपये, आठवड्याचे पैसे आधी. इफ्तार मशिदीत होते, तिथे खजूर आणि फळांसाठी प्रत्येकाने रोज दहा रुपये द्यायचे ठरले आहे. म्हणजे रोजचे ७०, सव्वीस दिवसांचे १,८२०. आकडा पाहून दचकू नका, पुढे वाचा.

मेसमध्ये खाड्याचा नियम आहे. सलग सात दिवसांहून जास्त जेवण घ्यायचे नसेल आणि आधी अर्ज दिला, तर न घेतलेल्या जेवणाचे पैसे कापले जातात. मी रात्रीचे जेवण मेसमध्येच घेणार, फक्त सकाळचा नाश्ता आणि दुपारचे जेवण बंद करणार. त्याचे रोजचे ४० रुपये सुटतात, सव्वीस दिवसांचे १,०४०. म्हणजे रमजानचा खरा जादा खर्च १,८२० नसून ७८० आहे. अडचण एवढीच की मेसवाले १,०४० हातात देत नाहीत, ते तुम्ही भरता त्या पुढच्या बिलातून वजा होतात. त्यामुळे पैसे माझ्या हाती आता लागतील आणि तुमच्या हाती नंतर वाचतील. हे मी दोन वेळा तपासले आहे. तुम्ही तिसऱ्यांदा तपासाल, हे ठाऊक आहे.

चहाचे म्हणाल, तर रोज्यात दिवसाचा चहा आपोआप बंद. तरावीहनंतरचा मशिदीजवळ कुणी ना कुणी पाजतोच. त्या महिन्याचे चहाचे १३० टपरीवाल्या चाचांना देऊन १२९ ची उधारी फेडीन. इथेही एक रुपया उरतो. माझे असेच चालले तर मी श्रीमंत होईन.

खाड्याच्या अर्जावर पालकांची सही लागते. अर्ज सोबत जोडला आहे, म्हणूनच लिफाफा पाठवला. तो १० तारखेच्या आत मेसच्या ऑफिसात पोचला पाहिजे. तारीख चुकली तर १,०४० जातील आणि दुपारचे जेवण मी रोज्याने असताना माझ्या नावावर शिजत राहील. तेव्हा दोन्ही मागण्या जमणार नसतील तर दोनशेची वाढ राहू द्या. मी रविवारच्या प्रयोगात सुधारणा करीन. पण अर्जावर सही तेवढी करून पाठवा.

धाकटीला तिच्या गणिताच्या वहीतली मागची पाने कोरी ठेवायला सांगा. पुढे लागतात.

तुमचा
हॉस्टेलवासी मुलगा

पत्र असे आहे. आता ते कुठे लागू पडते, ते पाहू.

मागणी तिसऱ्या-चौथ्या ओळीतच आली आहे. आपल्याकडे पैशाचा विषय शेवटी, दबकत काढायची रीत आहे. पण मागणी शेवटी ठेवली की आधीची सगळी माया, सगळी विचारपूस तिच्यासाठीच पेरली होती असे वाचणाऱ्याला वाटू लागते. आधी मागणी सांगून टाकली की पुढच्या विनोदावर संशय उरत नाही.

दुसरी गोष्ट बिर्याणीची. गरजेचे १,३२९ सांगून तो थांबला असता तर ते खोटे ठरले नसते, पण तो हिशेब अपुरा राहिला असता. मग पंधराशेमधून १७१ उरायला हवे होते, ते कुठे गेले, हा प्रश्न अब्बांना पडला असता. बिर्याणी, चहा आणि वाढदिवस लिहिल्यामुळे उरलेल्या खर्चावर विश्वास बसला. मुलांनी पाठवलेला हिशेब वाचताना पालकांनी हेच पाहावे. सगळे आकडे शून्यावर संपणारे असतील, ५००, ३००, १,०००, तर तो बहुधा आठवून किंवा जुळवून लिहिलेला असतो. खऱ्या महिन्यात २९९ असतात, आणि एखादा खर्च असा असतो जो सांगायला लाज वाटते. तसा एकही खर्च हिशेबात नसेल तर रागावू नये, फक्त विचारावे, "चहा पीत नाहीस का?"

तिसरी गोष्ट विनोदाची. या पत्रात हसू कुणावर आहे, ते पाहा. स्वतःच्या रिकाम्या खिशावर, फसलेल्या फीस्टवर, गणितावर, फार तर मोबाइल कंपनीवर. अब्बांच्या कमाईवर एक शब्द नाही. 'बाकीच्यांचे वडील पाच हजार पाठवतात' असेही कुठे नाही. हे वाक्य मुले गमतीत लिहितात, पण शिलाई मशिनवर बसलेल्या माणसाला ते सुईसारखे टोचते. मी वर्गात एक कसोटी सांगते. अब्बांना एक रुपयाही वाढवणे शक्य नाही असे धरा आणि मग तोच विनोद पुन्हा वाचा. तरीही त्यांना हसू येत असेल तर तो ठेवा. त्यांची मान खाली जात असेल तर खोडा.

आणि चौथी गोष्ट, जी भलेभले विसरतात. कायमची वाढ आणि एकदाचा खर्च त्याने वेगळे ठेवले. त्यातही हातात लागणारी रक्कम आणि खरा भार यांत गल्लत केली नाही. त्याने नुसते 'रमजानला १,८२० पाठवा' लिहिले असते तर घरात काळजी पसरली असती. नुसते '७८० पाठवा' लिहिले असते तर दुसऱ्या आठवड्यात सहरीचा डबा बंद पडला असता. रोज्यात खर्च कमी होतो, ही घरची समजूत घरापुरती खरी आहे. मेसवर राहणाऱ्याला न खाल्लेल्या दुपारचेही पैसे पडतात आणि सहरीचे वेगळे पडतात. खाड्याचा अर्ज वेळेवर गेला तरच हा दुहेरी खर्च आटोक्यात येतो. ज्यांची मुले हॉस्टेलवर आहेत त्यांनी शाबान महिन्यातच मेसचा नियम विचारून घ्यावा. किती दिवस आधी कळवायचे, एका वेळचे जेवण बंद करता येते की पूर्ण दिवसाचेच, पैसे परत मिळतात की बिलातून कापतात, हे तीन प्रश्न पुरेत. प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळे असते.

लिफाफ्याचेही कारण आहे. अडीच रुपयांचे अंतर्देशीय पत्र स्वस्त पडते, पण त्याच्या आत काही घालता येत नाही. अर्ज जोडायचा तर पाच रुपयांचे पाकीट हवे. मुलाने तो वरचा खर्च वहीत लिहिला की नाही, हे मात्र मी विचारलेले नाही.

पैशाची अडचण हसतमुखाने लिहिण्याची उर्दूतली वाट जुनी आहे. मिर्झा गालिब यांची सालीना साडेसातशे रुपयांची, म्हणजे महिना साडेबासष्टची पेन्शन १८५७ नंतर बंद झाली आणि १८६० मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात, १८५९ पासून रामपूरच्या नवाबांकडून त्यांना महिना शंभर रुपये मिळू लागले. या ओढाताणीची पत्रे 'ऊद-ए-हिंदी' (१८६८) आणि 'उर्दू-ए-मुअल्ला' (१८६९) या संग्रहांत आहेत. जड, नटवी भाषा सोडून समोर बसून बोलावे तसे ते लिहितात, तंगीही सांगतात आणि स्वतःची थट्टाही करतात. उर्दू येणाऱ्या घरांत ही पत्रे मुलांसोबत वाचावीत. मागतानाही माणूस आपला रुबाब कसा राखतो, ते त्यांत दिसते.

आता अब्बांचे उत्तर. अर्जावर सही होऊन ते सहा तारखेलाच पोचले.

चिरंजीवास,

वालैकुम अस्सलाम. पत्र दुकानात वाचले. मग काज-बटणे करणाऱ्या चाचांनाही वाचून दाखवले, ते तिसऱ्यांदा तपासणे तिथे झाले. बेरजा बरोबर आहेत. चाचा म्हणाले, मुलगा शिंपी झाला असता तर कापडाची चिंधीही वाया घालवली नसती.

तुझ्या हिशेबात एक रकाना नाही. ताप आला, चप्पल तुटली, तर पैसे कुठले? तू १,६९९ चा खर्च आणि १,७०० ची मागणी अशी घट्ट शिवण घातलीस. कपडा शिवताना आत थोडे दाबून ठेवावे लागते, म्हणजे पुढे अंग भरले तर उसवून सैल करता येते. म्हणून १,८०० पाठवत जाईन. वरचे शंभर अमानत समज. गरज पडली नाही तर महिनाअखेरीला ते तसेच दाखवायचे. बिर्याणी ही गरज नव्हे, तुझ्या अम्मीचे मत वेगळे असले तरी.

रमजानचे १,८२० मला एकदम जमणार नाहीत. आमचा धंदा तुला ठाऊक आहे. रमजान लागताना हातात कापड असते, पैसे नसतात. कुर्ते-पठाणी शिवून गिऱ्हाइकांच्या हाती गेले की पंधराव्या रोज्यानंतर पैसा दिसतो. तुझा डबेवाला आठवड्याचे आगाऊ घेतो ते बरे आहे. तीन आठवडे ४९० प्रमाणे आणि शेवटच्या पाच दिवसांचे ३५० असे पाठवीन. बेरीज करून पाहा, १,८२० च होतात. पुढच्या बिलात १,०४० कमी झाल्याची पावती मला दाखव. ते पैसे धाकटीच्या दहावीच्या पुस्तकांसाठी धरून ठेवले आहेत.

चहा सव्वीसचे तेरा केलेस, चांगले केलेस. शून्य करू नकोस. मित्रांत बसायला एक कप लागतो.

नानीला ईदीचे सांगितले. ती म्हणाली, ईदी मुलाला देते, सावकाराला नाही. तरी मिळेल.

अब्बा

ताजा कलम: भाईजान, पाकीट पोस्टात मी टाकले. एक रुपया इथून उरतो, एक तिथून उरतो असे वाचले. ते दोन्ही मला द्यावेत. वहीची मागची पाने कोरी आहेत, त्यांवर पहिली नोंद हीच केली आहे.

या उत्तरात मुलाच्या पत्रातली एक खरी उणीव भरून निघाली आहे. अडीनडीला लागणारा पैसा त्याच्या हिशेबात नव्हता. इतका नेटका हिशेब करणाऱ्या मुलांकडून हेच बहुधा सुटते, कारण न झालेला खर्च वहीत येत नाही. अब्बांनी मागितल्यापेक्षा शंभर जास्त दिले, पण त्याची जागा आधी ठरवून दिली. रमजानची रक्कम पूर्ण मान्य केली, फक्त आपल्या धंद्याच्या वेळापत्रकाप्रमाणे तिचे हप्ते पाडले. मुलालाही कळले की १,०४० वाचतात म्हणजे नुसते वाचत नाहीत, ते बहिणीच्या पुस्तकांकडे जाणार आहेत. त्यामुळे त्याने तो अर्ज सात तारखेलाच, तीन दिवस शिल्लक ठेवून, मेसच्या ऑफिसात दिला.

रमजानचे सव्वीस डबे त्याला वेळेवर मिळाले. पुढच्या बिलातून मात्र १,०४० ऐवजी १,००० च कापले गेले. एका दिवसाचा खाडा मेसच्या वहीत लागलाच नव्हता. मुलाने आपली वही नेऊन दाखवली तेव्हा मॅनेजरनी उरलेले चाळीस त्यापुढच्या महिन्यात वजा केले. अब्बांना पाठवलेल्या पावतीसोबत तो चाळीस रुपयांचा खुलासाही गेला. या वेळी फक्त अडीच रुपयांच्या अंतर्देशीय पत्रात, कारण पावतीचा फोटो त्याने मोबाइलवर पाठवला होता.